अपडेटनंतर फोन तापतो, कारण त्याचं रात्रीचं काम राहिलेलं असतं

मोठं अपडेट झालं की पुढचे दोनचार दिवस आपल्याकडच्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, अपडेट करू नका, कंपनी मुद्दाम बॅटरी मारते. हा संशय अगदीच हवेतला नाही हे आधीच मान्य करते, कारण डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतः कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. पण ती गोष्ट वेगळी होती, तिथे फोन अचानक बंद पडू नये म्हणून प्रोसेसरला आवर घातला होता, त्याने फोन स्लो होत होता, तापत नव्हता. अपडेटनंतर दोनतीन दिवस फोन गरम राहतो आणि चार्जिंग भराभर उतरतं त्याचं कारण दुसरंच आहे, आणि ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते समजलं नाही की आपण नेमकं उलटं करतो आणि दोन दिवसांचा ताप आठवडाभर ओढतो. आमच्या कोकणात तर जास्तच, ते का ते पुढे येईलच.

मी मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहिणार आहे, कारण आमच्या गावात शंभरातले बहुतेक फोन तेच.

ॲप आपण डाउनलोड करतो तेव्हा ते प्रोसेसरला थेट कळेल अशा भाषेत येत नाही. ते येतं एका मधल्या रूपात, त्याला डेक्स म्हणतात. ते मधलं रूप तुमच्या फोनच्या प्रोसेसरच्या भाषेत आणायचं काम फोनमध्येच होतं आणि ते करणारा जो भाग आहे त्याचं नाव एआरटी, म्हणजे अँड्रॉइड रनटाइम. आता हे काम करायच्या तीन पद्धती आहेत. एक, ॲप चालू असताना ओळीओळीने वाचत जायचं आणि त्याप्रमाणे करत जायचं, हे सगळ्यात हळू आणि तेवढ्याच कामाला प्रोसेसरला कितीतरी जास्त राबावं लागतं. दोन, चालू असतानाच जो भाग परत परत लागतोय तो पटकन भाषांतरित करून मेमरीत ठेवायचा, याला जिट म्हणतात, पण मेमरीत म्हणजे मेमरीतच, ॲप बंद केलं की ते गेलं. आणि तीन, फोन निवांत पडलेला असताना तुम्ही त्या ॲपमधलं काय काय जास्त वापरता याची नोंद बघून तेवढा भाग आधीच भाषांतरित करून स्टोरेजमध्ये लिहून ठेवायचा. ही तिसरी पद्धत सगळ्यात स्वस्त, कारण एकदा केलं की पुढे दिवसभर प्रोसेसरला फारसं काही करावंच लागत नाही. रोजच्या वापरात फोन थंड राहतो त्यात या तिसऱ्या पद्धतीचा मोठा वाटा असतो, आपल्याला पत्ताही नसतो.

जुन्या लोकांना आठवत असेल, २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये अपडेट झालं की फोन सुरू होताना स्क्रीनवर यायचं, अँड्रॉइड सुरू होतंय, ॲप ऑप्टिमाइझ होतायत, ११२ पैकी ३७. आणि आपण बसायचो बघत, पंधरावीस मिनिटं कधीकधी त्याहून जास्त, फोन हातात तापत असायचा पण तो का तापतोय हे निदान समोर लिहिलेलं असायचं. तेव्हा सगळं काम सुरुवातीलाच एका दमात व्हायचं. २०१६ ला अँड्रॉइड ७ आला आणि हे बदललं, ते लांबलचक थांबणं गेलं, फोन लगेच वापरायला मिळायला लागला, आणि ते सगळं काम मागे, रात्रीवर ढकललं गेलं. मला विचाराल तर हा बदल चांगलाच होता, पण त्यात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे काम बाकी आहे हे सांगणारी पाटी. काम तेच आहे, फक्त आता ते दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं फोन बिघडला.

मग अपडेटने आधीचं केलेलं सगळं भाषांतर का वाया जातं? कारण ॲपचा तयार कोड एकटा उभा नसतो, तो सिस्टमच्या कोडवर टेकलेला असतो. सिस्टमची अमुक माहिती अमुक जागी आहे असं धरून तो लिहिलेला असतो, सिस्टममधले छोटेछोटे तुकडे तर चक्क उचलून त्याच्या आत घातलेले असतात म्हणजे पळायला वेळ लागू नये. आता अपडेटमध्ये सिस्टमच बदलली की त्या जागा सरकतात, ते तुकडे जुने होतात. एआरटी ॲप सुरू करताना तपासतं की हा तयार कोड ज्या सिस्टमसाठी बनवला होता ती हीच आहे का, आणि जुळत नसेल तर तो सरळ बाजूला टाकतं. बरोबरच आहे, चुकीच्या जागेवरून माहिती उचलली तर ॲप कोसळेल नाहीतर भलतंच काहीतरी करेल. म्हणून मोठ्या अपडेटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही व्हॉट्सॲप उघडता तेव्हा ते कालच्यासारखंच दिसतं, पण आत बराचसा कोड पुन्हा ओळीओळीने वाचला जात असतो आणि जिट मागून धावत असतं. एका ॲपचं हे फार जाणवलं नसतं, पण फोनमध्ये शंभरएक ॲप असतात आणि सगळ्यांचं एकदमच असं झालेलं असतं.

बऱ्याच नव्या फोनमध्ये अपडेट आधी मागच्या मागे बसतं आणि रीस्टार्ट करायच्या अगोदरच काही ॲपचं काम उरकून घेतलं जातं, त्याने त्रास कमी होतो, पण संपत नाही. त्यात अपडेटच्या पाठोपाठ प्ले स्टोअर डझनभर ॲपच्या नव्या आवृत्त्या उतरवायला लागतं, गॅलरी सगळे फोटो परत चाळते. हे सगळं एकाच दोन दिवसात एकावर एक येतं.

आता मुख्य मुद्दा. ते रात्रीचं काम, त्याला बॅकग्राउंड डेक्सॉप्ट म्हणतात, ते कधी होतं? दोन अटी एकदम पूर्ण झाल्या तरच. फोन चार्जिंगला लावलेला असला पाहिजे, आणि निवांत असला पाहिजे. निवांत म्हणजे मूळ अँड्रॉइडमध्ये साधारण अर्धा तास स्क्रीन बंद, हात न लावलेला, काही फोनमध्ये कंपनीने हे थोडं बदललेलं असतं. मध्येच तुम्ही फोन उचलला किंवा चार्जर काढला की काम अर्धवट थांबतं आणि परत दोन्ही अटी जुळायची वाट बघत बसतं. आणखी एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते, अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये फोन आधीच तापलेला असेल तर हे काम स्वतःहून मागे घेतलं जातं, म्हणजे जाड कव्हरमध्ये गादीवर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन तापतो आणि तापल्यामुळे तो ताप कमी करणारं कामच होत नाही. स्टोरेज गच्च भरलेलं असेल तरी अडतं, कारण तयार कोड लिहून ठेवायला जागा लागते.

म्हणून अपडेटनंतर फोन किती दिवस तापणार याचं उत्तर दिवसात नाहीच, फोन किती तास प्लगला लावून शांत पडला यात आहे. पुण्यामुंबईत माणूस अकराला फोन चार्जिंगला लावतो, सकाळी सहाला उचलतो, सात तास सरळ मिळतात, दोन रात्रीत बहुतेक काम उरकतं. आमच्याकडे मे महिना बघा.

माझी मावशी मालवणजवळ देवबागच्या बाजूला राहते, घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देते, सगळं बुकिंग फोनवरच. सुट्टीचा सीझन, दिवसाला चाळीसपन्नास कॉल, मेसेज, पैसे आल्याचे आवाज, आणि नेमकं तेव्हा फोनने मोठं अपडेट घेतलं. मग तिचा मला फोन, "अगो, ह्यो फोन चुलीसारखो तापता, आणि बॅटरी दुपारपर्यंत पण पुरना नाय." चार दिवस झाले होते तरी फरक नाही म्हणून तिच्या धाकट्या दिराने तिला शिकवलं होतं की सारखी सगळी ॲप स्वाइप करून बंद कर आणि रोज एकदा फोन बंद करून चालू कर. ती बिचारी इमानेइतबारे तेच करत होती, दर अर्ध्या तासाने सगळं पुसून टाकायची.

मी तिथे जाणारच होते त्याच आठवड्यात, तर गेल्यावर आधी तिची रात्र बघितली. साडेदहाला पाहुण्यांची जेवणं आटपतात, मग ती उद्याच्या माशांचं बघते, मग फोन चार्जिंगला लावून त्याच्यावरच सिरियल. अकराच्या पुढे झोपली. आणि बाराच्या सुमारास वळवाचा पाऊस, विजा, तिने उठून घरातले सगळे प्लग काढले, टीव्ही, फ्रिज, मोडेम आणि फोनचा चार्जर. हे कोकणात सगळेच करतात आणि बरोबरच करतात, वीज पडून जळालेले टीव्ही प्रत्येक वाडीत सापडतील. मग लाईट गेली ती पहाटे आली. सकाळी उठून परत चार्जिंग, पण तेव्हा कॉल सुरू झालेले. म्हणजे चार्जिंग आहे तेव्हा निवांत नाही, निवांत आहे तेव्हा चार्जिंग नाही, असे तिचे सगळे दिवस चाललेले. फोनने अपडेट घेतल्यापासून त्याला त्या दोन अटी एकत्र जुळलेला धड एक तासही मिळाला नव्हता.

मला खात्री करायची होती म्हणून लॅपटॉप काढला. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू केलं, फोन केबलने जोडला आणि लॅपटॉपवरून फोनशी बोलणाऱ्या adb या टूलने एक कमांड दिली, ती प्रत्येक ॲपची स्थिती दाखवते:

```
adb shell dumpsys package dexopt
```

व्हॉट्सॲपच्या नावाखाली जी ओळ आली ती अशी:

```
arm64: [status=verify] [reason=boot-after-ota]
```

ही एक ओळ सगळं सांगते. verify म्हणजे कोड फक्त तपासलाय, भाषांतर काही झालेलं नाही, आणि शेवटचा हात कधी लागला तर अपडेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा. तिचं पैशांचं ॲप, बुकिंगचं ॲप, ब्राउझर, सगळ्यांच्या खाली हेच. म्हणजे ती दिवसभर जी ॲप वापरत होती ती सगळीच्या सगळी महागड्या पद्धतीने चालत होती, आणि त्यात ती दर अर्ध्या तासाने ॲप बंद करत होती म्हणजे जिटने मेमरीत जे थोडंफार साठवलं असेल ते पण पुसलं जायचं आणि पुढचा मेसेज आला की पहिल्यापासून सुरुवात. रोजच्या रीस्टार्टने तर सगळ्याच ॲपचं एकदम पुसलं जायचं. दिराचा सल्ला प्रेमाचा होता पण त्याने बॅटरी वाचत नव्हती, जात होती. तिने काय काय वापरलं याची नोंद मात्र स्टोरेजमध्ये राहते, ती रीस्टार्टने जात नाही, ही त्यातली बरी गोष्ट, म्हणजे रात्रीचं काम जेव्हा होईल तेव्हा त्याला नेमकं कशावर मेहनत घ्यायची ते माहीत होतं.

उपाय काही मोठा नव्हता. तिच्या लेकाची एक पॉवरबँक होती, ती दिवसा भरून ठेवली. रात्री सिरियल दुसऱ्याच्या फोनवर. मावशीचा फोन कव्हर काढून, ओटीवरच्या लाकडी कपाटावर, जिथे खिडकीतून वारा येतो तिथे, पॉवरबँकला लावून ठेवला. पॉवरबँक भिंतीला लावलेली नाही त्यामुळे विजा झाल्या तरी काढायची गरज नाही, आणि लाईट गेली तरी फोनच्या दृष्टीने चार्जिंग चालूच. ॲप पुसायची नाहीत असं सांगितलं, तर म्हणाली, "मगे बॅटरी नाय जाणार?" मी म्हटलं मावशी, दोन रात्री बघ आणि मग मला सांग. आधी गॅलरीतले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पण उडवले, स्टोरेज काठोकाठ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीच कमांड, आणि तीच व्हॉट्सॲपखालची ओळ आता अशी:

```
arm64: [status=speed-profile] [reason=bg-dexopt]
```

speed-profile म्हणजे तिच्या वापराच्या नोंदीप्रमाणे भाषांतर झालं, आणि bg-dexopt म्हणजे ते रात्री मागच्या मागे झालं. सगळ्या ॲपचं झालं नव्हतं, काही राहिली ती त्याच्या पुढच्या रात्री झाली, पण रोजची महत्त्वाची ती चार त्याच रात्री उरकली आणि त्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना जेवायला वाढेपर्यंत फोन चालला. हातात धरला तर कोमट, तापलेला नाही. मला ती ओळ बदललेली बघून जो आनंद झाला तो मावशीला समजावून सांगता आला नाही, तिला फोन चालतोय एवढं पुरे होतं.

लॅपटॉप हाताशी असेल आणि थांबायची तयारी नसेल तर हे काम अटींची वाट न बघता लगेच सुरू पण करता येतं:

```
adb shell cmd package bg-dexopt-job
```

याला फोन आणि ॲप किती त्याप्रमाणे बराच वेळ लागतो, चांगलाच तापतो पण, म्हणून कव्हर काढून, पंख्याखाली, आणि मध्ये हात न लावता. पण खरं सांगायचं तर बहुतेकांना याची गरज नाही, रात्रभर प्लगला शांत पडू दिलं तर फोन हे स्वतः करतो.

आयफोनवाल्यांचं तपशिलात वेगळं आहे पण चाल तीच. तिथे अपडेटनंतर शोधासाठीची यादी परत बनते, फोटोंमधले चेहरे परत ओळखले जातात, आणि हे काम मुख्यतः फोन लॉक असून चार्जिंगला असताना होतं. ॲपल स्वतः सांगतं की अपडेटनंतर काही काळ बॅटरी आणि तापमानावर परिणाम दिसू शकतो. पण प्रत्येक तापणं हे असं निरुपद्रवी असतंच असं नाही, २०२३ मध्ये आयफोन १५ तापत होते तेव्हा ॲपलने सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांतली मागची कामं हे एक कारण आहेच, पण शिवाय आयओएस १७ मध्येच एक दोष आहे आणि इन्स्टाग्राम, उबर, अस्फाल्ट ९ सारखी काही ॲप सिस्टमवर जास्तीचा भार टाकतायत. तो दोष १७.०.३ मध्ये दुरुस्त झाला. तिथे कितीही रात्री चार्जिंगला लावून उपयोग नव्हता.

मग ओळखायचं कसं, की वाट बघायची का काहीतरी करायचं? मी बघते ते असं. अपडेटचं तापणं कमी होत जातं. दोनतीन चांगल्या रात्री, म्हणजे खरोखर प्लगला लावून न हलवलेल्या रात्री मिळाल्या की फरक जाणवायलाच हवा. तसं झालं आणि तरीही फोन खिशात काही न करता पडलेला असताना गरम असेल तर सेटिंगमधली बॅटरीची यादी उघडायची. सिस्टम, प्ले सर्व्हिसेस अशी नावं पहिल्या दिवसात वर असणं साहजिक आहे, पण आठवड्यानंतरही एखादं ॲप तासन्‌तास मागे चालू दिसत असेल तर दोष त्या ॲपमध्ये आहे, त्याची नवी आवृत्ती घ्यायची, नाही आली तर काढून परत टाकायचं.

आणि कोकणात आणखी एक गोष्ट अपडेटच्या नावावर खपते ती म्हणजे रेंज. आमच्या वाड्या खाली खोलात, टॉवर वर सड्यावर, मध्ये माडापोफळीचं रान. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकदीने सिग्नल सोडतो आणि सारखं शोधत राहतो, त्यात बॅटरी जाते आणि फोन तापतो. काही वेळा अपडेटनंतर नेटवर्कची निवड बदललेली असते, आधी तुम्ही फोरजीवर ठेवलेला फोन परत फाइव्हजी शोधायला लागतो जे गावात एका कोपऱ्यातच मिळतं. हे वेगळं काढायला सोपी परीक्षा आहे, एका रात्री चार्जर न लावता नेहमीसारखा फोन ठेवा आणि झोपताना आणि उठताना टक्के बघा, दुसऱ्या रात्री त्याच जागी फ्लाइट मोडवर ठेवून बघा. फ्लाइट मोडवर दोनचार टक्केच गेले आणि एरवी वीसपंचवीस जात असतील तर अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही, नेटवर्कची सेटिंग बघा. फ्लाइट मोडवर पण तेवढेच जात असतील तर आत काहीतरी चालू आहे. पण ही परीक्षा अपडेटच्या पहिल्या रात्री करू नका, त्या रात्री फोनला चार्जरच हवा असतो.

मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आलीय असं दिसलं तर मात्र यातलं काहीच करत बसू नका, बॅटरी फुगलेली असते, चार्जिंग बंद करायचं आणि दुकानात न्यायचा. त्याचा अपडेटशी संबंध नाही.

राहता राहिला प्रश्न अपडेट घ्यायचं कधी. घ्यायचं नाही असं मी कुणालाच सांगणार नाही, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात आणि आता गावात भाजीवालीपासून सगळ्यांचे पैसे फोनवर आहेत. पण दिवस आपण निवडू शकतो. चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना माझं सांगणं असतं की गाडीत बसायच्या आदल्या रात्री अपडेट घेऊ नका. दुसऱ्या दिवशी कोकण रेल्वेत गर्दी, चार्जिंगचा पॉइंट मिळेलच असं नाही, करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासारखे एकामागून एक बोगदे, रेंज येतेय जातेय, आणि फोनमधली सगळी ॲप महागड्या पद्धतीने चाललेली, रत्नागिरी यायच्या आत फोन बंद पडतो आणि मग स्टेशनवर न्यायला आलेला भाऊ शोधत बसतो. आठवडाभर आधी घ्या, किंवा विसर्जन करून परत गेल्यावर घ्या. मावशीने तर आता अपडेटसाठी जुलै ठरवलाय, समुद्र बंद, पर्यटक नाहीत, पॉवरबँक भरलेली.